नव्वदचा कागद

आप्पांना कागद ओळखायला डोळे लागत नसत. अंगठा आणि तर्जनी, बस्स. गिऱ्हाइकानं आणलेला कागद त्या दोघांत धरायचे, एकदा हलकेच चोळायचे, कानाशी नेऊन फडफडवायचे आणि निकाल द्यायचे, "सत्तर. तुम्हाला ऐंशी म्हणून दिलाय कोणीतरी." गिऱ्हाईक हसायचं. मग आप्पा गल्ल्याशेजारचा छोटा तराजू पुढे ओढायचे आणि हसणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं.

त्यांची लेक त्या तराजूपाशीच वाढली. अंगानं इतकी काटकुळी, की आप्पांनी तिचं नाव पापुद्रा ठेवलं होतं. पुढं तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत आली, चाळिशी ओलांडली, दुकान तिनं हातात घेतलं. पण आप्पांसाठी ती पापुद्राच राहिली. "पापुद्र्या, एक मीटर लांब न् एक मीटर रुंद कागद घेतला आणि काट्यावर टाकला. जे ग्रॅम भरतील ते त्याचं वजन. सगळे कागद याच एका मापानं मोजायचे, मग लहान-मोठा हा प्रश्नच नाही. आता त्या मीटरभर कागदाचे नेहमीचे छपाईचे सोळा ताव निघतात. ऐंशी भागिले सोळा?"

"पाच."

"म्हणजे ऐंशीचा एक ताव पाच ग्रॅमचा. टाक काट्यावर."

ती टाकायची. काटा पाचावर थांबायचा. आणि देवळात घंटा वाजल्यावर भाविकाचा चेहरा जसा होतो, तसा आप्पांचा व्हायचा.

दुकानात कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "या कागदावर होणार काय?" कोणी म्हणायचं, जाड द्या हो, चांगला जाड. आप्पा म्हणायचे, "साहेब, जाडी वेगळी न् वजन वेगळं. फुगीर कागद जाड लागतो पण हलका असतो, गुळगुळीत लेपाचा पातळ लागतो पण भारी असतो. माणसांसारखंच आहे. तुम्ही काम सांगा." हातानं टिपणं काढायची, दोन्ही बाजूंनी, तीही शाईच्या पेनानं? मग नव्वद घ्या, शाई पलीकडे उतरत नाही. यंत्रावर बिलं छापायची? सत्तर-ऐंशी पुष्कळ. हातानं लिहायचं तीन प्रतींचं बिलबुक? तिथं उलटा न्याय; तिथं पन्नास-बावन्नचा पातळच हवा, कारण वरच्या प्रतीवरचा दाब खाली पोचला पाहिजे. फोटो? दोनशेच्या वर, शक्यतो दोनशेसाठ, आणि वर शाई धरणारा लेप. "साध्या कागदावर फोटो काढलात तर कागद शाई पितो आणि झिंगल्यासारखा वाकडा होतो," असं सांगून स्वतःच खो-खो हसायचे.

आणि हे सगळं सांगताना त्यांच्या डोक्यावर, बरोबर त्यांच्या मागच्या भिंतीवर, साध्या ऐंशीच्या कागदावर काढलेला फोटो लटकत असे. लाटा आलेला, शाई पसरून काळवंडलेला. दुकान उघडलं त्या पहिल्या दिवशी दारात उभी असलेली लेकीची आई. मूळ फोटोला बुरशी लागायला लागली तेव्हा घाईघाईनं हाताशी होता त्या कागदावर काढून ठेवलेली ती प्रत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "यंदा चांगल्या कागदावर काढू," हे वाक्य आप्पा दरसाल म्हणत. आई म्हणायची, "काढा हो, तोवर माझी नजर शाबूत आहे." मग दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला, नजर धुक्यात गेली, आणि आईनं ते म्हणायचं सोडलं.

आईचे डोळे गेले तरी हात थांबले नाहीत. बिलबुकं जुळवायचं काम तिचंच. पहिली प्रत, मधली, शेवटची. पहिली, मधली, शेवटची. तीस वर्षं तिनं ती रांग लावली. रंग दिसेनासे झाले तर बोटांनी ओळखायला लागली, आणि चूक एकदाही नाही.

आता मूळ गोष्ट.

आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गळ्यात नळी बसली आणि आयुष्यभर बोललेला माणूस एका सकाळी मुका झाला. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे लिहूनच बोला. लेक घाईत दुकानात गेली, खालच्या खणात हात घातला, एक कोरं पॅड उचललं आणि इस्पितळात नेऊन दिलं. ते पॅड म्हणजे आप्पांनीच कधीतरी कडेनं डिंक लावून बांधलेले उरलेले कागद. बिलबुकाच्या मधल्या प्रती.

मधल्या प्रतीची खोड अशी, की तिच्या पाठीला शाईच्या बारीक बारीक फोडांचा लेप असतो आणि पोटाला ती शाई धरणारा. वर पेन दाबलं की पाठीचे फोड फुटतात आणि खालच्या कागदावर निळी अक्षरं उमटतात. बिलबुकात म्हणूनच लिहिण्याआधी तीन प्रतींच्या खाली पुठ्ठा सरकवतात, नाहीतर पुढचीही बिलं रंगतात. इथं तर सगळं पॅडच मधल्या प्रतींचं, आणि पुठ्ठा नाही. आप्पांनी एका पानावर "पाणी" लिहिलं, की खालच्या चार पानांवर पाणी.

तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'हा कागद कोणी दिला? पन्नास आहे. कागदवाल्याच्या घरी ही तऱ्हा.' आणि शेजारी काटा काढला होता, तराजूचा.

लेकीनं कपाळावर हात मारला. "अय्या आप्पा, बघितलंच नाही मी! उद्या नव्वदचं आणते. शपथ."

आप्पांनी हात हलवला, म्हणजे असू दे.

उद्या बिलबुकांची मोठी ऑर्डर होती. परवा यंत्र बिघडलं. तेरवा तिनं नव्वदच्या कागदाचं छान पॅड बांधलं, मागे जाड पुठ्ठा, वर डिंक, आणि ते गल्ल्यावरच विसरली. मग रोज विसरली. आप्पा जुनी अक्षरं उमटलेल्या पानांवर नवी अक्षरं लिहीत राहिले, आणि ती तिरकी मान करून वाचत राहिली, वरचं कोणतं न् खालचं कोणतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी ती आठवणीनं नव्वदचं पॅड पिशवीत घालून गेली. आप्पांच्या अंगाखालची चादर बदललेली होती.

पहाटे हृदय थांबलं होतं. वॉर्डातली सिस्टर दाराशीच भेटली. आई रोजच्यासारखी आधीच पोचली होती, रिक्षावाल्याचा हात धरून. सिस्टर सांगत होती, "काल संध्याकाळी बराच वेळ लिहीत बसले होते हो. पंधरा-वीस मिनिटं. मी म्हटलं, आजोबा, कादंबरी लिहिताय का? तर हसले. मग पान फाडलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं, आजी." मग तिचा आवाज खाली गेला. "चादरी बदलताना... मी ड्यूटीवर नव्हते. सगळं धुवायला गेलं. मी खाली जाऊन शोधलं, खरंच शोधलं."

शेवटची वाक्यं आईला ऐकू गेली नव्हती. तोवर ती पलंगाशी गेली होती, आप्पांचा हात हातात घेऊन.

घरी आल्यावर चार दिवसांनी आईनं विचारलं, "यांनी माझ्यासाठी लिहिलेला कागद कुठंय गं?"

खरं सांगायला एकच क्षण होता आणि तो लेकीनं घालवला. "आहे, सामानात आहे. वाचून दाखवते."

"सावकाश. मला काही घाई नाही आता," आई म्हणाली.

जुनं पॅड तेवढं परत आलं होतं. दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून लेक ते घेऊन बसली. आणि आशा बघा कशी असते. जिथं चूक झाली तिथंच ती येऊन बसते. नव्वदचं पॅड वेळेवर नेलं असतं तर फाडलेल्या पानाखाली काही उरलंच नसतं. या पातळ कागदानं मात्र त्या शेवटच्या पत्राची प्रत धरली असणार! तिनं पहिलं पान उजेडाला धरलं.

निळं रान होतं नुसतं. शेवटच्या चार-पाच चिठ्ठ्या एकावर एक. 'उशी वर' ठळक. 'नको' ठळक, तीन वेळा. 'तुझी आई जेवली का' जरा फिकं. या सगळ्या आधीच्या, हातात जोर असतानाच्या. शेवटचं पत्र सगळ्यांत वर, सगळ्यांत ताजं, म्हणून सगळ्यांत गडद असायला हवं होतं. ते सगळ्यांत फिकं होतं. दाब असेल तरच अक्षर खाली पोचतं, आणि त्या संध्याकाळी आप्पांच्या बोटांत दाब उरला नव्हता. ओळीच्या सुरुवातीला कुठं पेन टेकलं तेवढे ठिपके, कुठं एखादी वेलांटी, कुठं अर्धा काना. तिनं भिंग लावलं. कागद तिरका धरला, सरळ धरला, खिडकीच्या काचेवर चिकटवला. दोन तासांत हाती आलं ते एवढंच: 'पापुद्र्या', मग 'तिचा फोटो', मग '२६०', मग 'मागून घाल' आणि 'वाकवू नको'. ही वरच्या चार ओळींतली वेचणी. खाली सात ओळी होत्या, ते टेकलेल्या ठिपक्यांवरून मोजता आलं. पण त्या सात ओळींत काय होतं ते कागदापर्यंत पोचलंच नव्हतं.

म्हणजे वरचं हिच्यासाठी, कामाची सूचना. खालचं आईसाठी. आणि खालचंच गेलं.

ती बराच वेळ काउंटरवर डोकं टेकून होती. एक गिऱ्हाईक वाकून आत बघून गेलं.

आईला हे पॅड देता येणार नव्हतं. आईची बोटं एका क्षणात विचारतील, पोरी, तुझ्या बापाला तू बिलाचा कागद दिलास? मग तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. कोऱ्या पॅडचं पान फाडलं, आप्पांचं शाईचं पेन घेतलं आणि लिहायला बसली. खोटं लिहायलाही कागद तिनं वडिलांनी शिकवला तसा, बरोबर निवडला. टिपणाला नव्वद.

संध्याकाळी आई खिडकीशी बसली होती. लेक समोर बसून वाचू लागली.

"'अगं, तुला कधी बोललो नाही. आयुष्यभर लोकांशी बडबड केली आणि तुझ्याशी बोलायचं राहिलं. तू लावलेल्या रांगेत एक प्रत कधी चुकली नाही, तशीच तू माझा संसारही...'"

वाचताना ती दोनदा अडली. खोटं असूनही अडली, किंवा खोटं होतं म्हणूनच.

आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान लिहिलंय." मग हात पुढे केला. "दे."

लेकीनं दिला. आईनं तो मांडीवर घेतला, हातानं सपाट केला, कडेवरून बोट फिरवलं. मग अंगठा न् तर्जनी. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. कानाशी नेला.

"हा नव्वदचा आहे," आई म्हणाली.

लेकीनं कागद परत घ्यायला हात पुढे केला. आईनं तो दिला नाही.

"तू बांधलेल्या पॅडचा. कडेला डिंक अजून ताजा आहे, बोटाला लागतोय. हे पॅड तू त्या दिवशी सकाळी पिशवीतून आणलंस. पिशवी माझ्याच मांडीवर होती घरी परत येताना." आवाजात राग नव्हता, आणि तेच लेकीला सोसेना. "यांच्याकडचं पॅड पन्नासचं होतं."

"तुला... तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. पाणी पाजताना पॅड माझ्या हाती आलं. मी म्हटलं, अहो, हे तर मधल्या प्रतीचं. तर यांनी माझा हात घेतला आणि तळव्यावर बोटानं लिहिलं, पन्नास. आणि हसले बघ, नळीतून हवा जाते तसं. मला लिहिलेलं दिसत नाही म्हणून माझ्याशी असंच बोलायचे. तळव्यावर. तू डबा घेऊन यायच्या आत."

"मग तू मला बोलली का नाहीस, आई?"

"तुला टोचलं असतं. तू दिवसाला तीन फेऱ्या मारत होतीस." आईनं नव्वदचा कागद घडी न घालता बाजूला ठेवला. "आता खरं ते आण. जे काय असेल ते."

लेक उठली. पॅड आणून आईच्या हातात ठेवलं आणि जमिनीवर तिच्या पायाशी बसली. सिस्टरचं, चादरीचं, धुलाईचं सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. मग जे सापडलं ते वाचलं. पापुद्र्या. तिचा फोटो. दोनशेसाठ. मागून घाल. वाकवू नको.

"मागून म्हणजे?"

"प्रिंटरला मागून एक सरळ वाट असते. जाड कागद तिथून घालायचा. खालच्या ट्रेमधून घातला तर आत वळतो, मोडतो, अडकतो."

"मरताना पण कागद कसा घालायचा ते," आई म्हणाली आणि हसायला लागली, आणि ते हसणं कुठं रडण्यात शिरलं ते दोघींनाही कळलं नाही. या चार दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. लेकीनं तिचे गुडघे धरले.

"आणि माझ्यासाठीचं?" थोड्या वेळानं आईनं विचारलं.

"सात ओळी होत्या. उमटल्या नाहीत, आई. त्यांच्या हाताला जोर नव्हता. मी नव्वदचं पॅड दिलं असतं तरी... म्हणजे पुठ्ठा असता, काहीच... पण निदान ते नीट..." नव्वदचं दिलं असतं तर काय झालं असतं? तेही पान फाडून उशीखालीच गेलं असतं. चूक नसती तर हे चार शब्दही नसते. हिशेब बरोबर येऊनही मन मानत नाही, असं असतं कधीकधी.

"कुठल्या जागी आहेत त्या ओळी?"

लेकीनं आईचं बोट धरून पानाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवलं. आईनं सात वेळा डावीकडून उजवीकडे बोट नेलं. इतक्या सावकाश, जणू काही वाचतेय. पातळ कागदावर दाब लागला तर खोलगट वण राहतो. तोही लागत नव्हता. तिनं तळवा उपडा करून पानावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं दुकान उघडलं. भिंतीवरचा फोटो उतरवला. मूळची बुरशीची प्रत आप्पांनी पाकिटात जपून ठेवली होती, ती काढली, साफ केली, स्कॅन केली. दोनशेसाठचा एक ताव घेतला, कडेला धरून, बोटं न उमटवता. मागून घातला. यंत्र सावकाश चाललं आणि तिची आई बाहेर आली, तेवीस वर्षांची, दारात उभी, ओठांच्या कोपऱ्यात हसू, शेजारी दाराच्या चौकटीवर कोणाच्या तरी शर्टाची बाही. आधीच्या कागदावर त्या जागी नुसता काळा डाग होता. आप्पांचीच बाही होती ती. फोटोत यायला लाजले असणार.

शाई वाळेपर्यंत थांबून ती तो घरी घेऊन गेली. आईच्या दोन्ही हातांवर ठेवला.

"भारी आहे," आई म्हणाली.

"तुझ्या शेजारी आप्पा आहेत. हात तेवढा दिसतोय."

आईनं फोटो डोळ्यांशी नेला, खिडकीकडे वळवला, जवळ, लांब. मग मान हलवली. "उजेड दिसतो. बाकी नाही." आणि फोटो परत दिला. "भिंतीवर लाव दुकानात. यांनी सांगितलं तसं झालं. मला ते पान दे."

"आई, ते टिकणार नाही. असला कागद उजेडात, उन्हात फिका पडतो. काही वर्षांत सगळं उडून जातं."

"माझ्यासाठी ते आत्ताच कोरं आहे, पापुद्र्या," आई म्हणाली.

पापुद्रा. या नावानं आईनं तिला कधीच हाकारलं नव्हतं. ते आप्पांचं होतं.

लेकीनं पॅडचं वरचं पान डिंकापासून हळूच सोडवलं. आईनं ते धरलं, दोन बोटांत, अंगठा आणि तर्जनी, आणि चोळलं नाही, नुसतं धरून ठेवलं. लेक फोटो छातीशी घेऊन दारापर्यंत गेली. तिथून तिनं वळून पाहिलं. आईनं दुसऱ्या हाताचा तळवा उघडून मांडीवर ठेवला होता, कोणी येऊन लिहील म्हणून ठेवावा तसा.